निळा कागद, पिवळा कागद

“तुम्ही बघा मॅडम, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

किरणच्या तोंडून हे वाक्य आलं तेव्हा बोलणं सुरू होऊन जेमतेम सहा मिनिटं झाली होती. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. वेळ टिपली आणि पुढे एक फुली मारली. बढती मागायला आलेल्या माणसाने आकडा न उच्चारताच सगळा निर्णय समोरच्याच्या ओंजळीत टाकला होता. समोरच्या सुहास मॅडम प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, “मी तुझ्यासाठी वर बोलते.” ज्यांनी कुठल्याही ऑफिसात दोन-चार मार्च महिने काढले आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हे दोघं खरे किरण आणि सुहास नव्हते. एका प्रशिक्षणात मी लिहिलेला रोल-प्ले चालू होता. चोवीस माणसं, बारा जोड्या, प्रत्येक जोडीत एक कर्मचारी आणि एक मॅनेजर. नावं मी मुद्दाम अशी निवडतो की ती बाईची की पुरुषाची हे कळू नये, म्हणजे कोणालाही कोणतीही भूमिका देता येते. मराठीत आणखी एक सोय आहे. सूचना “तुम्ही” करून लिहिल्या की बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष भेद येतच नाही. “तुम्ही चार वर्षं इथे काम करता” हे वाक्य दोघांनाही चालतं.

स्क्रिप्ट म्हटलं की लोकांना संवाद आठवतात. कर्मचारी असं म्हणेल, मग मॅनेजर तसं म्हणेल. अशी छापील स्क्रिप्ट मी सुरुवातीला लिहून पाहिली होती. माणसं ती शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वाचून दाखवतात, टाळ्या वाजतात आणि कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. वाटाघाटींच्या रोल-प्लेमध्ये संवाद लिहायचेच नसतात, तीन कागद लिहायचे असतात. पांढरा कागद दोघांना मिळतो. पिवळा फक्त किरणला आणि निळा फक्त सुहासला. पिवळ्यातलं निळ्याला माहीत नसतं आणि निळ्यातलं पिवळ्याला. बोलणं त्यांनी आपापलं शोधायचं.

ही रीत माझी नाही. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं ‘गेटिंग टू येस’ १९८१ मध्ये आलं आणि १९८३ मध्ये हार्वर्डमध्ये वाटाघाटींच्या अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला. गुप्त सूचनांचे असे खेळ तिथे आणि इतर व्यवस्थापन शाळांत वर्षानुवर्षं वापरले जातात. पण तिकडचे खेळ जसेच्या तसे आणले की आपल्याकडे फसतात. तिकडचा कर्मचारी बॉसला नावाने हाक मारतो आणि पहिल्याच मिनिटाला आकडा टेबलावर ठेवतो. आपला किरण आधी दारात उभा राहून “जरा बोलायचं होतं” म्हणतो. म्हणून मी गोष्ट चाकणला आणली.

पांढऱ्या कागदावर एवढंच आहे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. किरण क्वालिटी विभागात सीनियर इंजिनीअर, नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले, पगार महिना ८०,००० रुपये. सुहास विभागप्रमुख. मार्चचा मध्य, अप्रेझलचे फॉर्म भरून झालेले, पत्रं अजून निघायची आहेत. किरणने भेटीची वेळ मागितली आहे आणि ती कशासाठी, हे सुहासला माहीत आहे. गेल्या वर्षी मोठ्या ग्राहकाकडून आलेल्या तक्रारींचा निपटारा किरणने केला, हे दोघांनाही मान्य आहे. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर तीस मिनिटं “मी किती काम केलं” याच वादात जातात आणि वाटाघाट सुरूच होत नाही.

आता पिवळा कागद, किरणच्या हातात पडतो तसाच:

“तुम्हाला डेप्युटी मॅनेजर व्हायचं आहे. ग्राहकाचे ऑडिटर येतात तेव्हा सगळी उत्तरं तुम्ही देता, पण मेल मात्र ‘मॅनेजर पातळीवरून’ मागतात, हे तुम्हाला डाचतं. पगार ९६,००० व्हावा असं तुम्ही मनाशी धरलं आहे. साणंदच्या एका कारखान्याचं पत्र तुमच्याकडे आलं आहे. डेप्युटी मॅनेजरचं पद आणि महिना १,००,००० रुपये. ३१ मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. घरच्यांना मात्र पुणं सोडायचं नाही, म्हणजे तिकडे तुम्हाला एकट्याने राहावं लागेल. भाड्याचे १२,००० आणि येण्याजाण्याचे महिन्याला ४,००० धरा. इथे पाच वर्षं पूर्ण व्हायला दहा महिने आहेत. आत्ता सोडलंत तर ग्रॅच्युइटी बुडेल. गेल्या वर्षी तुम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. तिथून चाकण गाठताना शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत रोज तुमचा जीव नकोसा होतो. रांजणगावला कंपनीची नवी लाइन उभी राहते आहे असं तुम्ही ऐकून आहात. ती नगर रस्त्यावर घरापासून सरळ आहे. पण बदली मागणं म्हणजे चाकणच्या कामातून अंग काढून घेणं, असं सुहासला वाटेल अशी तुमची खात्री आहे. तुमच्याशिवाय इथलं काम अडेल की नाही, याबद्दल तुम्हाला शंका आहे.”

आणि हा निळा:

“तुमच्या विभागात बारा माणसं आहेत. त्यांचा मिळून महिन्याचा पगार ७,२०,००० रुपये. यंदा वाढीसाठी ८ टक्के, म्हणजे ५७,६०० रुपये मिळाले आहेत. किरण सोडून इतर अकरा जणांसाठी ४६,००० ठरले आणि तसं वर कळवून झालं. तुमच्या हातात ११,६०० उरले आहेत. त्यातले ३,००० तुम्हाला एका ज्युनिअरला जादा द्यायचे आहेत. गेल्या वर्षी त्याच्यावर अन्याय झाला आणि तो तुमच्या हातून झाला. चाकणला या वर्षी डेप्युटी मॅनेजरची नवी पोस्ट नाही, हे मुख्य कचेरीने स्पष्ट सांगितलं आहे. रांजणगावच्या नव्या लाइनवर १ ऑक्टोबरपासून एक डेप्युटी मॅनेजर हवा आहे. त्याचा पगार प्रकल्पाच्या खात्यातून जाईल, महिना ९५,००० पासून पुढे. तुम्ही दोघांना विचारलंत, दोघांनी लांब पडतं म्हणून नकार दिला. किरणला विचारायचं तुमच्या मनात नाही. अशा दूरच्या जागेवर पाठवणं ही शिक्षा वाटेल आणि किरण नोकरीच सोडेल, अशी तुम्हाला भीती आहे. नोव्हेंबरमध्ये मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आहे. किरण गेल्यास नवा माणूस लाखाच्या खाली मिळणार नाही, आणि भरती करून देणारी एजन्सी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के घेईल. प्रशिक्षणासाठीचे ६०,००० रुपये शिल्लक आहेत. ते ३१ मार्चला परत जातील.”

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणाऱ्याला उत्तर लगेच दिसतं. एकाला रांजणगावला जायचं आहे, दुसऱ्याला तिथे माणूस हवा आहे. पण खोलीत दोन्ही कागद कोणाकडेच नसतात.

किरणचा आकडा मी हवेतून काढत नाही. साणंदचे एक लाख दिसतात मोठे. त्यातून भाडं आणि प्रवास वजा केला की ८४,००० राहतात. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचा मूळ पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं असा असतो. किरणचा मूळ पगार ४०,००० धरला तर पाच वर्षांचे साधारण १,१५,००० होतात. ती बुडीत रक्कम पुढच्या पाच वर्षांवर पसरली तर महिन्याला दोन हजार. म्हणजे कागदावर एक लाख आणि खिशात ८२,०००. एवढंच मिळत असेल तर तिकडे जायचं कशाला? पदासाठी. मी पिवळ्या कागदाच्या तळाशी लिहून देतो की पदाचं मोल किरणच्या लेखी महिना ८,००० आहे. म्हणून पद न देता नुसते पैसे मिळणार असतील, तर ९०,००० च्या खाली थांबण्यात अर्थ नाही. पद तारखेसह लेखी मिळालं, तर सहा महिने वाट पाहण्याचे चार हजार धरून ८६,००० वरही थांबता येईल.

सुहासची मर्यादा सोपी आहे. सगळं दिलं तर ९१,६००, आणि ज्युनिअरचे तीन हजार राखले तर ८८,६००.

आता नुसत्या पैशांवर भांडले तर काय होतं पाहा. किरण ९०,००० च्या खाली येणार नाही आणि सुहास ९१,६०० च्या वर जाणार नाही. मधली जागा सोळाशे रुपयांची. तिथे सौदा होतो, पण तो होताना ज्युनिअरचे निदान चौदाशे रुपये जातातच. रांजणगावचं पद बोलण्यात आलं की खालची रेघ ८६,००० वर सरकते. मग ज्युनिअरचे पैसे राखूनही २,६०० रुपयांची जागा उरते. दोन्ही रेघांमधल्या या पट्ट्याला इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘झोपा’ म्हणतात. वर्गात मी हा शब्द उच्चारला की हमखास हशा पिकतो. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र असेल तर जास्तच. त्याचा जोडीदार शब्द ‘बॅटना’, म्हणजे हे बोलणं फिसकटलं तर आपल्या हातात उरणारा सगळ्यात चांगला मार्ग. फिशर आणि युरींनी तो रूढ केला. किरणचा बॅटना साणंद, सुहासचा बॅटना नवी भरती. दोन्ही मार्ग तसे वाईटच आहेत, आणि ते मी मुद्दाम वाईट ठेवले आहेत. कागद वाचून झाल्यावर दोघांनाही आपलीच बाजू लंगडी वाटली पाहिजे. एकालाच तसं वाटलं तर दुसरा अर्ध्या तासाची करमणूक करतो आणि चहाला जातो.

सगळ्यात जास्त वेळ मला लागला तो वाघोलीच्या ओळींवर. पहिल्या खेपेला ती माहिती मी पिवळ्या कागदाच्या सुरुवातीलाच टाकली होती. मग प्रत्येक किरण खुर्चीत बसल्या बसल्या ट्रॅफिकची तक्रार करू लागला आणि पाच मिनिटांत सगळ्यांचा सौदा जमला. दुसऱ्या खेपेला ती मी इतकी लपवली की बारापैकी एकाही जोडीला सापडली नाही. लोक चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. शोधायला सांगून वस्तूच ठेवली नाही तर तो खेळ नव्हे. आता ती ग्रॅच्युइटीच्या मागे आणि बदलीच्या संकोचाच्या आधी येते. वाचणाऱ्याला ती कौटुंबिक कटकट वाटते, मागणी वाटत नाही. त्यापुढे मी दोघांच्याही मनात एकमेकांबद्दल एकेक चुकीची समजूत पेरतो. बदली मागितली तर कामचुकार ठरू, असं किरणला वाटतं. बदली देऊ केली तर शिक्षा वाटेल, असं सुहासला वाटतं. या खेळाचा सगळा खिळा या दोन समजुतींत आहे. दोघांना एकच गोष्ट हवी असूनही ती कोणालाच न मिळणं, हा प्रकार वाटाघाटींच्या अभ्यासात चांगला ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या ली थॉम्पसन यांनी त्यावर पुष्कळ काम केलं आहे. समोरच्याला नेमकं आपल्या उलट हवं असणार, हे माणसं न विचारताच गृहीत धरतात, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसलं.

नियम चार-पाचच. कागद वाचायला पंधरा मिनिटं, बोलायला तीस. कागद समोरच्याला दाखवायचा नाही, पण त्यातलं काय आणि किती बोलायचं हे आपलं आपण ठरवायचं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळता येईल, पण कागदात आहे त्याच्या उलट सांगायचं नाही. आणि कागदात नसलेली, हिशेब बदलणारी गोष्ट मनाने घालायची नाही. हा शेवटचा नियम मी एका किरणमुळे लिहिला. त्याने साणंदऐवजी जर्मनीची ऑफर काढली आणि वर बायकोलाही तिथे नोकरी लावून दिली. समोरची सुहास बिचारी पाहतच राहिली. नाटक छान झालं, पण शिकायला काही उरलं नाही.

सुरुवातीची दोन वाक्यं तेवढी मी ठरवून देतो, म्हणजे सगळ्या जोड्या एकाच दारातून आत शिरतात. किरण म्हणतो, “मॅडम, पाच मिनिटं आहेत का? अप्रेझलबद्दल बोलायचं होतं.” सुहास म्हणते, “ये, बस. मलाही बोलायचंच होतं तुझ्याशी.” तिथून पुढे कागद आपलं काम करतात.

त्या दिवशी खिडकीजवळच्या जोडीचं बोलणं मी जवळजवळ पूर्ण टिपलं. किरण झालेला गृहस्थ स्टोअर्सचा होता, सुहास झालेली बाई खरेदी विभागातली. दोघंही रोज भावतोल करणारी माणसं.

“मॅडम, स्पष्टच बोलतो. मला डेप्युटी मॅनेजर करा आणि पगार शहाण्णव करा.”

“शहाण्णव? किरण, वीस टक्के झाले हे. डिपार्टमेंटला आठ मिळालेत.”

“आठ सरासरी आहेत ना? सरासरीत कोणी वर, कोणी खाली असणारच.”

“अकरा जणांचे आकडे वर गेलेत. आता ते मला हलवता येत नाहीत. फार तर अठ्ठ्याऐंशीपर्यंत जाईन, त्यालाही मला हिशेब द्यावा लागेल.”

“आणि पोस्ट?”

“चाकणला या वर्षी पोस्ट नाही. वरून लेखी आलंय.”

इथे किरण गप्प झाला. बाकीच्या खोलीत याच वाक्यानंतर किरणांनी खिशातून साणंद काढलं होतं: मग मला विचार करावा लागेल, माझ्याकडे एक लाखाचं पत्र आहे. त्यावर सुहासने चेहरा कोरा ठेवून “अभिनंदन” म्हणायचं आणि मनात नोव्हेंबरच्या ऑडिटने घाबरून ९१,००० पर्यंत चढायचं, असा शिरस्ताच पडला होता. या गृहस्थाने तसं केलं नाही. त्याने वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं असावं.

“चाकणला नाही म्हणता. म्हणजे दुसरीकडे आहे?”

बाई हसल्या. उत्तर टाळायची त्यांना मुभा होती, खोटं बोलायची नव्हती. त्यांनी तिसराच रस्ता घेतला.

“का? चाकण सोडायला तू तयार होशील?”

“आधी तुम्ही सांगा.”

“नाही, आधी तू. कारण मी नाव घेतलं आणि तुला वाटलं मी तुला इथून हाकलते आहे, तर उद्यापासून तुझं इथल्या कामातही लक्ष लागायचं नाही.”

या उत्तरात सुहासने आपली भीतीच उघडी करून ठेवली. मग किरणने आपली केली. “मॅडम, खरं सांगू? मी वाघोलीला राहतो. नगर रस्त्यावरचं काही असेल तर मी आजच पाहायला जाईन. आजवर मागितलं नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं ऑडिट जवळ आलं की हा पळतोय.”

पुढची दहा मिनिटं खरी वाटाघाट झाली. रांजणगावचं नाव आलं म्हणजे सगळं मिटलं असं नाही. पद ऑक्टोबरपासून, साणंदला उत्तर ३१ मार्चपर्यंत. मधल्या सहा महिन्यांत प्रकल्प लांबला तर? किरणने विचारलं, “तुमचा शब्द पुरे आहे मला, पण तुमचीच बदली झाली तर?” हा प्रश्न लेखी मागण्याची आपल्याकडची सभ्य पद्धत आहे. माणसावर अविश्वास दाखवायचा नाही, काळावर दाखवायचा. सुहासला नेमणुकीचं पत्र देण्याचा अधिकार नव्हता. तिने मुख्य कचेरीला मेल करून किरणला त्यात घेण्याचं कबूल केलं. तिकडून होकार येईपर्यंत किरणने साणंदला नकार कळवायचा नाही, हेही तिनेच सुचवलं. त्या बदल्यात किरणने नोव्हेंबरचं ऑडिट चाकणलाच उभं राहून पार पाडायचं कबूल केलं. एप्रिलपासून ८८,०००, ऑक्टोबरपासून ९५,०००. प्रशिक्षणाच्या शिल्लक पैशांतून एका कोर्सची फी ३१ मार्चच्या आत भरायची. निळ्या कागदावर हे ६०,००० रुपये नुसते पडून असतात. बहुतेक सुहासांना ते आठवतच नाहीत, कारण त्यांच्या मते विषय पगाराचा चालू असतो.

बारापैकी तीन जोड्यांनी रांजणगाव गाठलं. पाच जोड्या नव्वद ते साडेएक्क्याण्णवच्या मध्ये नुसत्या पैशांवर थांबल्या आणि खुशीत बाहेर आल्या. तिघांचं फिसकटलं, त्यांचे किरण साणंदला गेले. राहिली एक जोडी, ती “तुम्ही बघा मॅडम”वाली. त्यांचा सौदा ८५,५०० वर झाला होता. त्या किरणच्या कागदाच्या तळाशी ९०,००० लिहिलेलं असूनही. मी कारण विचारलं तर म्हणाला, “मॅडमनी पंच्याऐंशी म्हटलं, मी अजून जरा बघा म्हटलं, त्यांनी पाचशे वाढवले. परत कसं म्हणणार?” भूमिका खोटी होती, रुपये खोटे होते, समोरची बाई दुसऱ्याच विभागातली होती. त्याचा संकोच मात्र अगदी खरा होता.

खेळानंतरचा अर्धा तास फळ्याचा. मी फक्त तीन रकाने आखतो. ठरलेला पगार, रांजणगावचा उल्लेख झाला की नाही, आणि झाला तर तो आधी कोणी केला. कोण जिंकलं हा रकाना नाही, पण लोक तो डोळ्यांनी आपोआप आखतातच. ९१,५०० वाला किरण मान वर करून बसतो. मग मी कागदांची अदलाबदल करायला सांगतो. पिवळ्याने निळा वाचायचा, निळ्याने पिवळा. दोन-तीन मिनिटं खोलीत कोणी बोलत नाही. मग कुठून तरी “अरे!” असा आवाज येतो आणि पाठोपाठ सगळेच बोलू लागतात.

या वेळी रांजणगाव न गाठलेल्या एका सुहासने माझ्याशी हुज्जत घातली. तिचं म्हणणं, हा खेळ लबाड आहे, कारण खऱ्या ऑफिसात दर वेळी कुठे नगर रस्त्यावर मोकळी पोस्ट असते? तिचा मुद्दा मी मान्य केला. नसतेच. पुष्कळदा पैसे कमी असतात आणि बाकी काहीच नसतं. अशा बैठकीत कितीही प्रश्न विचारले तरी मॅनेजरच्या हातातले ११,६०० रुपये वाढत नाहीत. म्हणून या खेळाची एक दुसरी आवृत्ती माझ्याकडे आहे. तिच्यात रांजणगाव नाही. पांढरा आणि पिवळा कागद तसेच, निळ्यातल्या चार ओळी कापलेल्या. त्या आवृत्तीत किरणने पदाचा आग्रह धरला तर सौदा व्हायलाच नको, आणि किरणने साणंदला जाणं हे बरोबर उत्तर ठरतं. ती खेळताना माणसं जास्त बेचैन होतात, कारण उठून जाण्याला ते हार समजतात. दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी घेतल्या तर दुपारी प्रत्येक जोडी नसलेलं रांजणगाव शोधत बसते. म्हणून मी त्या वेगवेगळ्या दिवशी घेतो.

आणि एक गोष्ट राहिली. अदलाबदल झाल्यावर मी हात वर करायला सांगतो: ज्युनिअरचे तीन हजार कोणी राखले? या वेळी तीन हात वर आले. रांजणगाव गाठलेल्या तीन जोड्यांपैकी दोघींच्या सुहास, आणि तिसरा हात होता ८५,५०० वाल्या मॅडमचा. त्यांनी ज्युनिअरला किरणच्या पैशांतून सहा हजार देऊ केले होते. “अन्याय माझ्या हातून झाला होता असं लिहिलंय ना कागदात,” त्या म्हणाल्या. शेजारी बसलेल्या किरणने निळा कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला आणि विचारलं, “तो ज्युनिअर कोण? त्याचा कागद कुठे आहे?”

तो कागद मी अजून लिहिलेला नाही.